लिनक्सला जागा देण्याआधी बिटलॉकर बंद करा

विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा मिंट बसवायचे ठरले की बहुतेक जण पेन ड्राइव्ह तयार करतात, सी ड्राइव्हमधली थोडी जागा मोकळी करायचे मनात धरतात आणि कामाला लागतात. मग दोनपैकी एक अडचण उभी राहते. एक तर लिनक्सचा इन्स्टॉलर सांगतो की या संगणकावर बिटलॉकर चालू आहे, आधी विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा. वापरणारा चक्रावतो, कारण त्याने असे काही कधी चालू केलेलेच नसते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. लिनक्स व्यवस्थित बसते, पण नंतर विंडोज उघडायला गेले की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की हाताशी नसेल तर ड्राइव्हवरचे फोटो, प्रकल्प, हिशेब यांपैकी काहीही परत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टलाही ती की नव्याने तयार करून देता येत नाही.

दोन्ही अडचणी टाळण्याचा उपाय एकच आहे. पार्टिशनला हात लावण्याआधी एन्क्रिप्शन बंद करायचे आणि ड्राइव्ह पूर्ण उलगडली आहे याची खात्री करून मगच पुढे जायचे. काम सोपे आहे. पण ‘बंद केले’ असे वाटणे आणि ते खरोखर बंद असणे यांत फरक असू शकतो, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

न सांगता चालू झालेले एन्क्रिप्शन

बिटलॉकर २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर सर्वांसमोर आले, तेव्हा ते फक्त वरच्या आवृत्त्यांमध्ये होते आणि ते मुद्दाम चालू करावे लागे. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून त्याचेच एक सोपे रूप घरगुती संगणकांवरही आले. सेटिंगमध्ये ते Device encryption या नावाने दिसते. लॅपटॉपमध्ये आवश्यक ती सुरक्षा चिप असेल तर ते आपोआप चालू होते. आधी त्यासाठी हार्डवेअरच्या बऱ्याच अटी होत्या. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या 24H2 आवृत्तीने त्यांतल्या काही काढून टाकल्या, त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेल्या कितीतरी जास्त संगणकांवर एन्क्रिप्शन आता सुरुवातीपासूनच असते.

हे घडते ते असे. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतो तेव्हाच विंडोज ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायला घेते, पण ती उघडण्याची किल्ली त्या ड्राइव्हवरच उघडी ठेवलेली असते. म्हणजे माहिती सांकेतिक रूपात असते, पण तिला अजून संरक्षण नसते. पुढे प्रशासकाचे अधिकार असलेल्या कोणी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते, उघडी किल्ली काढून टाकली जाते आणि ड्राइव्ह खऱ्या अर्थाने बंद होते.

यातून आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. लॅपटॉप दुकानातल्या माणसाने सुरू करून दिलेला असतो, किंवा घरातल्या कोणीतरी आपल्या ईमेलने तो पहिल्यांदा चालू केलेला असतो. अशा वेळी की त्या माणसाच्या खात्यात जाऊन बसते आणि वापरणारा आपल्या खात्यात शोधतो तेव्हा तिथे काहीच सापडत नाही. दुसऱ्याकडून वापरलेला लॅपटॉप विकत घेतला असेल तर हाच प्रश्न आणखी अवघड होतो.

म्हणून सर्वात आधी की शोधायची. ब्राउझरमध्ये aka.ms/myrecoverykey हा पत्ता उघडून आपल्या खात्याने लॉगिन केले की साठवलेल्या कींची यादी दिसते. प्रत्येक कीसमोर तिचा ओळख क्रमांक असतो. तो आपल्याच ड्राइव्हचा आहे ना, हे प्रशासक म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा देऊन ताडून पाहता येते.

```
manage-bde -protectors -get C:
```

उत्तरात Numerical Password या नावाखाली ओळख क्रमांक येतो आणि त्याखाली ४८ अंकी की, सहा-सहा अंकांच्या आठ गटांमध्ये. की ऑनलाइन सापडली नाही तरी विंडोज उघडते आहे तोवर ती इथून उतरवून घेता येते. ती कागदावर लिहा किंवा दुसऱ्या यंत्रावर ठेवा. त्याच लॅपटॉपवर ठेवलेली की अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही. लॅपटॉप कंपनीचा किंवा संस्थेचा असेल तर इथेच थांबा. त्याची की संस्थेच्या खात्यात असते आणि एन्क्रिप्शन बंद करण्याचा निर्णय त्यांच्या आयटी विभागाचा असतो.

विंडोज स्वतः पार्टिशन लहान करू शकते, मग बंद का करायचे?

प्रश्न रास्त आहे. एन्क्रिप्ट केलेली सी ड्राइव्ह विंडोज चालू असताना उघडलेलीच असते, त्यामुळे विंडोजच्या Disk Management मधून ती लहान करता येते. अडथळा त्या पायरीवर येत नाही. तो पुढच्या दोन ठिकाणी येतो.

पहिले ठिकाण म्हणजे लिनक्सचा इन्स्टॉलर. ‘विंडोजच्या जोडीला बसवा’ हा सोपा पर्याय निवडला की इन्स्टॉलर स्वतःच विंडोजचे पार्टिशन लहान करतो. त्यासाठी त्याला तिथली फाइल सिस्टिम वाचावी लागते, कुठल्या फाइली कुठे आहेत ते समजावे लागते. एन्क्रिप्शन असताना त्याला तिथे निरर्थक आकडे दिसतात. पार्टिशनच्या सुरुवातीची खूण पाहून हे बिटलॉकर आहे एवढे त्याला कळते आणि तो थांबतो. लिनक्समध्ये lsblk -f ही आज्ञा दिली तर अशा पार्टिशनसमोर ntfs च्या जागी BitLocker असे दिसते. घाई नडते ती इथे. सोपा पर्याय मिळत नाही म्हणून कोणी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडतो, तर कोणी अनोळखी दिसणारे पार्टिशन हाताने काढून टाकतो. गेलेले पार्टिशन म्हणजेच त्याचे विंडोज, हे त्याला नंतर कळते.

दुसरे ठिकाण आहे ती सुरक्षा चिप, म्हणजे टीपीएम. घरगुती लॅपटॉपवर आपण कोणताही वेगळा पासवर्ड देत नाही, तरी ड्राइव्ह उघडते, कारण किल्ली टीपीएमकडे असते. संगणक सुरू होताना कोणत्या सेटिंगने आणि कोणाच्या सहीचा प्रोग्रॅम चालला याची नोंद टीपीएममध्ये होत जाते. नोंद नेहमीसारखी असेल तरच ती चिप किल्ली सोडते. नोंदीत फरक दिसला की ती नकार देते आणि निळा पडदा ४८ अंक मागतो. लॅपटॉप चोरून कोणी वेगळ्या मार्गाने तो सुरू करायला गेले तर त्याला अडवता यावे, यासाठीच ही रचना आहे.

पण दुहेरी व्यवस्था बसवताना आपण नेमके हेच करतो. सुरू होण्याचा मार्ग बदलतो. एखाद्या ड्रायव्हरसाठी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केले की नोंद बदलली. सिक्युअर बूट चालू ठेवले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. लिनक्स बसल्यावर संगणक आधी ग्रब हा मेन्यू दाखवतो आणि त्यातून विंडोज निवडावे लागते. ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर सही मायक्रोसॉफ्टचीच असते, पण ती बाहेरच्या कंपन्यांसाठी ठेवलेल्या प्रमाणपत्राने केलेली असते. विंडोजच्या स्वतःच्या बूट प्रोग्रॅमसाठी दुसरे प्रमाणपत्र आहे. ग्रबमार्गे विंडोजकडे गेले की नोंदीत एक जास्तीचे प्रमाणपत्र येते आणि टीपीएम किल्ली देत नाही. म्हणून काही जणांचा अनुभव असा असतो की ग्रबमधून विंडोज निवडले की की मागितली जाते, पण लॅपटॉपच्या बूट मेन्यूतून, म्हणजे F12 किंवा तत्सम बटण दाबून, थेट Windows Boot Manager निवडले की विंडोज मुकाट्याने उघडते. असे होत असेल तर ड्राइव्ह बिघडलेली नाही, फक्त तिच्याकडे जाण्याचा रस्ता बदललेला आहे.

‘सस्पेंड’ म्हणजे बंद नव्हे

विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरच्या पानावर दोन पर्याय शेजारी-शेजारी दिसतात. Suspend protection आणि Turn off BitLocker. पहिला पर्याय क्षणात होतो, म्हणून मोह त्याचा होतो. पण सस्पेंड केल्याने माहिती उलगडत नाही. दाराचे कुलूप तसेच असते, फक्त किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवलेली असते. विंडोज ती किल्ली घेऊन आत जाते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मात्र कुलूपच दिसते आणि तो पूर्वीसारखाच थांबतो. शिवाय या पानावरून केलेले सस्पेंड फक्त पुढच्या रीस्टार्टपुरते असते. त्यानंतर संरक्षण आपोआप परत चालू होते, आणि लिनक्स बसवताना संगणक कितीतरी वेळा रीस्टार्ट होतो. बायोस अद्ययावत करण्यासारख्या कामाला सस्पेंड पुरते, या कामाला पुरत नाही.

अर्धवट स्थितीचा आणखी एक प्रकार आहे. ज्यांनी मायक्रोसॉफ्ट खाते न जोडता स्थानिक खात्यानेच विंडोज वापरले, त्यांच्या लॅपटॉपवर सुरुवातीची ती उघडी किल्ली तशीच राहते. ‘आपले एन्क्रिप्शन चालूच झाले नाही’ असे त्यांना वाटते, पण ड्राइव्ह मात्र पूर्ण एन्क्रिप्ट झालेली असते. म्हणून स्थिती अंदाजाने ठरवू नये. ती विचारून घ्यावी.

```
manage-bde -status C:
```

या आज्ञेच्या उत्तरात दोन ओळी एकत्र वाचायच्या असतात. Protection Status ही ओळ कुलूप लागू आहे का ते सांगते. Conversion Status ही ओळ माहिती सांकेतिक रूपात आहे का ते सांगते. पहिलीत Protection Off आणि दुसरीत Used Space Only Encrypted किंवा Fully Encrypted असे दिसले, तर ती हीच फसवी स्थिती. आपल्याला हवी असलेली ओळ Fully Decrypted ही आहे आणि तिच्याखाली 0.0%. ती दिसेपर्यंत पुढे जायचे नाही.

एका लॅपटॉपचे काम, पायरीपायरीने

उदाहरणासाठी नाशिकमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप घेऊ. विंडोज ११ होम, ५१२ जीबीची एसएसडी. विंडोजला ती सुमारे ४७६ जीबी दिसते, कारण विंडोज मोजणीसाठी वेगळे एकक वापरते. तिचे साधारण १४० जीबी भरले आहे आणि तिला उबुंटूसाठी १०० जीबी हवे आहेत.

महत्त्वाच्या फाइली ती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवते आणि ४८ अंकी की वहीत लिहून ठेवते. मग Settings मध्ये Privacy & security आणि त्यात Device encryption उघडून बटण Off करते. विंडोज १० असते तर हे Update & Security खाली सापडले असते. प्रो आवृत्तीत Control Panel मधल्या BitLocker Drive Encryption या पानावरून Turn off BitLocker निवडायचे असते. सेटिंगमध्ये पर्याय दिसतच नसेल आणि तरीही ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल, तर प्रशासक म्हणून उघडलेल्या टर्मिनलमधून तेच काम होते.

```
manage-bde -off C:
```

आज्ञा लगेच परत येते, पण काम तेव्हा कुठे सुरू झालेले असते. विंडोज पार्श्वभूमीवर एकेक भाग वाचून, उलगडून परत लिहीत असते. एसएसडीवर याला साधारण अर्धा-एक तास लागू शकतो, जुन्या फिरत्या डिस्कवर कित्येक तास. मधल्या वेळात लॅपटॉप वापरता येतो. तो बंद झाला तर काम थांबते आणि पुन्हा सुरू केल्यावर तिथूनच पुढे चालते. तरी चार्जर लावून ठेवणे बरे. मध्येच स्थिती विचारली की Decryption in Progress आणि उतरत जाणारी टक्केवारी दिसते. या वेळात पार्टिशनला हात लावायचा नाही. इथला उतावळेपणा सर्वात जास्त महागात पडतो.

Fully Decrypted आल्यावर ती आणखी एक आज्ञा देते.

```
powercfg /h off
```

याने विंडोजची हायबरनेशनची सोय आणि तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअप बंद होतो. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली काही स्थिती डिस्कवर गोठवून ठेवते. अशा पार्टिशनवर लिनक्सने काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स सहसा ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडते. दुसरा फायदा असा की हायबरनेशनची मोठी फाइल निघून जाते, आणि पुढच्या पायरीत तिचा अडथळा होत नाही.

आता Disk Management उघडून सी ड्राइव्हवर उजवी क्लिक आणि Shrink Volume. विंडोज थोडा वेळ पाहणी करून किती जागा काढता येईल ते सांगते. आकडा एमबीमध्ये असतो. १०० जीबीसाठी 102400 लिहायचे.

हा आकडा पुष्कळदा निराश करतो. तीनशे जीबी रिकामे असूनही विंडोज चाळीस-पन्नास जीबीच देऊ करते. कारण पार्टिशन शेवटाकडून लहान होते, आणि शेवटाच्या आसपास एखादी हलवता न येणारी फाइल बसलेली असली की सीमा तिथेच अडते. ती फाइल बहुधा पेजफाइल असते किंवा जुन्या रिस्टोअर पॉइंटचा साठा. नेमकी कोणती, ते Event Viewer मधल्या Application या नोंदींत २५९ क्रमांकाची घटना शोधली की कळते. तिथे अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचे नाव लिहिलेले असते. पेजफाइल तात्पुरती बंद करून आणि रिस्टोअर पॉइंट काढून रीस्टार्ट केले की आकडा सहसा वाढतो. नंतर दोन्ही पुन्हा चालू करायचे.

Shrink झाल्यावर सी ड्राइव्हच्या उजवीकडे काळ्या पट्टीखाली Unallocated अशी १०० जीबी जागा दिसते. ती तशीच सोडायची, तिथे विंडोजमधून नवे पार्टिशन करायचे नाही. तिच्या पलीकडे विंडोजचे छोटे रिकव्हरी पार्टिशन आणि डिस्कच्या सुरुवातीला ईएफआय नावाचे लहानसे पार्टिशन असते, त्यांनाही हात लावायचा नाही. यानंतर विंडोज दोनदा रीस्टार्ट करून ते नीट उघडते ना हे पाहायचे. काही बिघडलेच असेल तर ते लिनक्स येण्याआधीच कळलेले चांगले. मग उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावायचा. आता इन्स्टॉलरला विंडोजचे पार्टिशन साध्या ntfs रूपात दिसते, मोकळी जागाही दिसते, आणि ‘विंडोजच्या जोडीला’ हा पर्याय मिळतो.

बंद केल्याची किंमत

एन्क्रिप्शन काढल्याने एक संरक्षण खरोखर जाते, आणि ते समजून घेऊनच निर्णय घ्यावा. लॅपटॉप चोरीला गेला तर विंडोजचा पासवर्ड किंवा पिन चोराला अडवत नाही. कोणताही लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून तो सी ड्राइव्हवरच्या फाइली वाचू शकतो. आधार-पॅनच्या प्रती, बँकेची कागदपत्रे, ब्राउझरमधली माहिती असे सगळे त्याला मोकळे होते. घराबाहेर न जाणाऱ्या डेस्कटॉपला हा धोका कमी आहे. रोज लोकलने किंवा एसटीने प्रवास करणाऱ्या लॅपटॉपला तो जास्त आहे.

म्हणून लिनक्स बसून सगळे सुरळीत झाले की प्रवासातल्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करणे योग्य आहे. त्यासाठी विंडोज ग्रबमधून न उघडता लॅपटॉपच्या बूट मेन्यूतून थेट उघडा आणि मग चालू करा. पुढेही विंडोज त्याच मार्गाने उघडत जा. बूट मेन्यूचे बटण लक्षात ठेवायचे एवढाच त्रास. ग्रबमधूनच जायचे असेल तर अधूनमधून ४८ अंक टाइप करण्याची तयारी ठेवावी लागते. हेही लक्षात असू द्या की पुन्हा चालू केल्यावर तयार होणारी की नवी असते. वहीत लिहिलेली जुनी की आता कोणतेही दार उघडत नाही. ती खोडून नवी लिहा आणि ओळख क्रमांक पुन्हा ताडून पाहा.

लिनक्सच्या बाजूचा विचारही याच वेळी करावा लागतो. लिनक्सचे पार्टिशन एन्क्रिप्ट करायचे असेल तर तो निर्णय बसवतानाच घेणे सोपे जाते. नंतर ते करायचे म्हणजे बहुधा सगळे नव्याने बसवणे आले. आणि बंद केलेले एन्क्रिप्शन कायमचे बंद राहील असे धरून चालू नका. विंडोज रीसेट केले किंवा नव्याने टाकले की पहिल्या लॉगिनला ते पुन्हा आपोआप चालू होऊ शकते. त्यामुळे पार्टिशन, बायोस किंवा बूटचा क्रम बदलायचा असेल त्या प्रत्येक वेळी आधी manage-bde -status विचारायचे. त्या उत्तरातली Conversion Status ची ओळ वाचायला काही सेकंद पुरतात, आणि कामाला हात घालायचा की थांबायचे ते त्या एका ओळीवरून ठरते.